मुलाखतीत ‘गाइल’ म्हणावं का?

जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे पगार मिळवत शिकण्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, निघालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे मुलाखतीची तालीम करत होती. मी इस्पितळातली बाई झाले होते. म्हटलं, पहिल्या महिन्यापासून तुम्हाला वॉर्डात अनुभवी नर्ससोबत काम करायला मिळेल. तिचा चेहरा खुलला आणि ती म्हणाली, “दास इस्ट या गाइल!”

व्याकरण बिनचूक, उच्चार तर माझ्यापेक्षा फर्मास. मी थांबले, तशी ती गोंधळली. “मॅम, चुकलं का? ‘फाक यू ग्योट’मध्ये सगळे असंच बोलतात.”

बोलतात खरे. 2013 सालच्या त्या विनोदी सिनेमात तुरुंगातून सुटलेला एक चोर बदली शिक्षक होतो, कारण त्याच्या चोरीच्या, पुरून ठेवलेल्या पैशांवर आता शाळेची इमारत उभी आहे. तो आणि त्याची उनाड पोरं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेलाच प्रेक्षक हसतात. म्हणजे ती भाषा जागा सोडून वापरलेली आहे, हाच तिथला विनोद. आपण परक्या भाषेत शब्द उचलतो आणि तो हशा मात्र थिएटरातच राहतो.

‘गाइल’चा आजचा बोली अर्थ ‘एकदम भारी’. पण मराठी माणसाला त्याचं मूळ जर्मनांइतकंच चटकन कळेल, कारण आपल्याकडे ‘माज’ आहे. गवत माजतं, गाय माजावर येते. ‘गाइल’ शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेत: रोपाची नुसती फोफावलेली वाढ आणि कामवासना. तरुणांच्या तोंडी तो ‘मस्त’ झाला. 2002 पासून एका मोठ्या दुकानसाखळीने ‘कंजूसपणा गाइल असतो’ अशा अर्थाची जाहिरात गाजवली, तेव्हा तो घराघरांत शिरला. तरी जुना अर्थ मेलेला नाही. तिशीतल्या डॉक्टरला त्यात काही वावगं वाटणार नाही, पण साठीला टेकलेली मुख्य परिचारिका भुवई उंचावू शकते. मुलाखतीला यांपैकी कोण बसणार, ते आपल्या हातात नसतं. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: हा शब्द तिथे नको.

त्या जागी ‘दास फिंडे इश टोल’ म्हणा. गंमत अशी की ‘टोल’चा मूळ अर्थ वेडा, कुत्रं पिसाळण्याच्या रोगाला जर्मन अजूनही ‘टोलवूट’ म्हणतात. पण हा शब्द घासून घासून स्वच्छ झालाय. ‘गाइल’ कदाचित त्याच वाटेवर असेल. आपण मात्र मुलाखत आज देणार आहोत.

मग प्रत्येक शब्दाचं हे कसं ओळखायचं? duden.de वर शब्द टाकला की अर्थाजवळ Gebrauch, म्हणजे ‘वापर’, असं लिहिलेलं दिसतं. तिथे salopp किंवा derb असेल, तर तो शब्द मित्रांसाठी ठेवा. पहिला म्हणजे सैलसर, दुसरा म्हणजे रांगडा, शिवराळपणाकडे झुकणारा. ‘गाइल’च्या ‘मस्त’ या अर्थाला salopp असा शिक्का आहे. शब्दकोश हाताशी नसेल तर सिनेमातलं ते दृश्य पुन्हा पाहा आणि बोलणारे एकमेकांना ‘दू’ म्हणतात की ‘झी’, तेवढंच ऐका. ‘दू’ म्हणजे आपलं ‘तू’, ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’. तो शब्द फक्त ‘तू’वाल्या दृश्यांत येत असेल, तर ‘तुम्ही’वाल्या खोलीत तो नेऊ नये.

यातून मी तिची आणखी एक सवय पकडली. ‘मला या कामात रस आहे’ हे ती ‘इश हाबे बॉक आउफ प्फ्लेगे’ असं सांगत होती. याने कुणी दुखावणार नाही, पण ऐकायला ते ‘मला नर्सिंगचा मूड आहे’ असं लागतं. रुग्णाला रात्री तीन वाजता उचलून बसवायचं असतं, तेव्हा मूडवाली नर्स कुणाला हवी? ‘इश इंटरेसिएरे मिश फ्युअर दी प्फ्लेगे’ लांबलचक आहे, पण तेच बरं.

“आणि समोरचेच गाइल म्हणाले तर?” तिने विचारलं. बर्लिनच्या एखाद्या लहान कंपनीत तसं होतं. तिथे पहिल्या मिनिटाला ‘दू’ सुरू होतं. तरी तो घरच्यांचा मोकळेपणा. सासरी सासूबाईंनी “काय गं भवाने” म्हटलं, म्हणून नवी सून उलटून तसं म्हणत नाही. त्यांनी ‘दू’ म्हटलं तर आपणही ‘दू’ म्हणावं आणि ‘सूपर’वर थांबावं.

तोंडातून निघूनच गेला तर? “एंटशुल्डिगुंग, इश माइने: झेअर गूट,” एवढं म्हणून पुढच्या वाक्याला लागायचं. खुलासा करत बसलं की तो शब्द समोरच्याच्या कानात आणखी घट्ट बसतो. आम्ही तालीम पुन्हा पहिल्यापासून केली. मी वॉर्डाचं सांगितलं. ती श्वास घेऊन म्हणाली, “दास फिंडे इश टोल,” आणि मग हळूच मराठीत, “पण मॅम, हे जरा मिळमिळीत वाटतं.”