बजेटात नसलेले 1 लाख 40 हजार

बजेटात नसलेला खर्च मंजूर करून घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा आधी यंत्राची हकिगत सांगतो. काय बिघडलं, कधीपासून कुरकुरत होतं, कोणाच्या कानावर घातलं होतं. फायनान्स हेडला त्यातलं फार थोडं लागतं. पैसे किती जाणार, कधी जाणार, कुठल्या हेडला टाकायचे आणि नाही दिले तर काय होईल, एवढं कळलं की निर्णय होतो. ते एका पानात कसं मांडायचं, हे एका उदाहरणावरून पाहू.

भोसरी एमआयडीसीतला दोन पाळ्यांचा एक मशिन शॉप डोळ्यांसमोर आणा. महिन्याला साधारण 60 हजार युनिट वीज लागते, महावितरणशी 220 केव्हीएचा करार आहे. मे महिन्याचं बिल नेहमीपेक्षा नव्वद-एक हजारांनी जास्त येतं. अकाउंट्समधून पहिला प्रश्न येतो, या महिन्यात काम जास्त होतं का? तर नाही. बिलावर प्रत्यक्ष वापरलेले युनिट, म्हणजे केडब्ल्यूएच, गेल्या महिन्याइतकेच आहेत. वाढले आहेत ते केव्हीएएच.

1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल या केव्हीएएचवर होतं. मोटारी वीज वापरतात तेव्हा काम करणाऱ्या विजेशिवाय चुंबकीय क्षेत्र उभं करायलाही त्यांना वीज ओढावी लागते. ही जादाची मागणी कारखान्यातच भागवण्यासाठी पॅनेलमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. ते बसले, की पॉवर फॅक्टर घसरतो आणि तेवढ्याच कामासाठी जास्त केव्हीएएच मोजले जातात. गणित सोपं आहे. 60 हजारांना 0.99 ने भागलं तर 60,606 येतात, 0.87 ने भागलं तर 68,966. फरक 8,360. आकार आणि अधिभार मिळून युनिटला 9 रुपये धरले तर महिन्याला सुमारे 75 हजार रुपये. प्रत्येकाने दर मात्र स्वतःच्या बिलावरूनच घ्यावा.

आता पुरावा. मेंटेनन्सच्या माणसाने पॅनेल उघडून क्लॅम्प मीटर लावला. 25 केव्हीएआरच्या कपॅसिटरला प्रत्येक फेजवर जवळपास 35 अँपिअर यायला हवेत. पाचपैकी एकावर तेवढे आले. बाकीच्या चारांवर काटा हलल्यासारखा हलला, आणि त्यांतल्या दोन डब्यांची झाकणं वर फुगलेली दिसली. हा एक फोटो आणि पाच आकडे विक्रेत्याच्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. माझं ठाम मत आहे की बचतीचा आकडा विक्रेत्याकडून कधीच घेऊ नये. तो आपल्या दोन महिन्यांच्या बिलांतून काढला, तर फायनान्स हेड तो स्वतः पडताळून पाहू शकते.

चार कपॅसिटर, त्यांचे कॉन्टॅक्टर आणि बसवणी मिळून कोटेशन आहे 1 लाख 40 हजार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 25,200. एकूण 1,65,200. कारखान्याची विक्री करपात्र असेल तर हा जीएसटी क्रेडिट म्हणून परत मिळतो. म्हणून खरा खर्च 1 लाख 40 हजार, पण आधी काढून द्यायची रक्कम 1,65,200. हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. पहिला खर्चासाठी, दुसरा रोकडीसाठी.

घाई दाखवण्याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त चुकतात. विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहिलं की आपलं काम झालं असं वाटतं. समोरच्या टेबलावर तसे दहा कागद असतात. घाईला तारीख हवी आणि त्या तारखेला कारण हवं. इथे ते कारण बिलातच आहे. युनिटशिवाय मागणी आकारही असतो, आणि तो महिनाभरातल्या सर्वांत मोठ्या नोंदीवरून ठरतो. 200 किलोवॉटचा भार 0.99 ला 202 केव्हीए दिसतो, 0.87 ला 230. म्हणजे कराराची 220 ची मर्यादाही ओलांडली जाते आणि जादा भागाला दंडाचा दर लागतो. काम पॅनेल बंद ठेवून, गुरुवारच्या सुट्टीतच करता येतं. 25 जूनचा गुरुवार साधला तर जुलै कोरा सुरू होतो. तो हुकून 2 जुलैला काम झालं, तर 1 तारखेच्या पाळीतच मोठी नोंद होऊन बसते आणि अख्ख्या जुलैचा मागणी आकार तिच्यावर लागतो. आठवड्याच्या उशिाराची अशी किंमत लिहिली की आवाज चढवावा लागत नाही.

टिपणी साधारण अशी होईल:

‘आदरणीय मॅडम, पॉवर फॅक्टर पॅनेलमधले पाचपैकी चार कपॅसिटर निकामी झाले आहेत. युनिट तेवढेच असूनही मे महिन्यात वीजबिल सुमारे 92 हजारांनी वाढले (युनिट 75 हजार, मागणी आकार 17 हजार, दंड वेगळा). बदलण्याचा खर्च 1,40,000 अधिक जीएसटी 25,200. ही रक्कम सुमारे दीड महिन्यात भरून निघेल. खर्च बजेटात नाही. दुरुस्ती हेडमधून करून ऑक्टोबरचे शेडचे रंगकाम पुढे ढकलावे, असे सुचवतो. आता 50 हजार आगाऊ, बाकी 10 जुलैनंतर, 0.98 चे रीडिंग मिळाल्यावर. माल यायला सात दिवस लागतात. 25 जूनच्या सुट्टीत काम होण्यासाठी 17 तारखेपर्यंत मंजुरी मिळावी, ही विनंती. दोन्ही बिले, रीडिंग आणि दोन कोटेशन जोडली आहेत.’

यात ‘10 जुलैनंतर’ हे उगाच नाही. 7 तारखेला पगार होतात, त्याआधी खात्यावर ताण नको, याचा विचार मागणाऱ्याने केलेला दिसतो. रंगकाम पुढे ढकलायची तयारीही तशीच. मागणाऱ्याने स्वतःच्या हेडमधून काहीतरी सोडलेलं असलं की बोलणं सोपं जातं. जुन्या पॅनेलमधले भाग बदलणं सहसा दुरुस्तीत बसतं, नवं पॅनेल घेतलं तर ती मालमत्ता होते. पण ते ठरवणं फायनान्सचं काम. आपण फक्त काय बदलतोय ते स्पष्ट लिहावं.

एक प्रश्न नक्की येईल. कपॅसिटर गेले का, आणि नवेही जाणार नाहीत ना? मोटारींवर व्हीएफडी वाढले असतील तर हार्मोनिक्समुळे कपॅसिटर तापून लवकर मरतात. ते मोजलेलं नसेल तर ‘मोजलेलं नाही, बसवणीआधी मोजून घेऊ, रिअॅक्टर लागला तर खर्च वाढेल’ असं आधीच सांगावं. महिन्याभराने दुसरी टिपणी घेऊन जाण्यापेक्षा हे बरं.

आणि पैसेच नसतील तर? तेव्हा अर्धा पर्याय खिशात असावा. दोनच कपॅसिटर बदलले, खर्च साधारण 70 हजार, तर पॉवर फॅक्टर 0.95 पर्यंत येतो. 8,360 पैकी जवळपास 5,800 केव्हीएएच वाचतात, म्हणजे महिन्याला 52 हजार, आणि मागणी 210 वर येऊन दंडही थांबतो. उरलेल्या दोघांचे 70 हजार महिन्याला साधारण 28 हजारच वाचवतात. ते ऑगस्टमध्ये घेतले तरी चालतील, आणि तोपर्यंत पहिल्या दोघांचा परिणाम जुलैच्या बिलात छापून आलेला असेल.