28 विटांचा पीक विमा

मारुतीच्या पारावर संध्याकाळी पन्नासेक माणसं जमलेली. मी प्रोजेक्टर आणला होता, पडद्याऐवजी देवळाची चुन्याची भिंत. उजेड जाईपर्यंत भिंतीवर काही दिसेना, आणि उजेड गेला तशी वीजही गेली. तोवर सत्कार, नारळ आणि सरपंचांचे दोन शब्द यांत वीस मिनिटं संपली होती. मग मी पंतप्रधान पीक विमा योजनेबद्दल चाळीस मिनिटं तोंडी बोललो. उद्दिष्टं, पात्रता, विमा संरक्षित रक्कम, जोखीमस्तर, उंबरठा उत्पादन, सगळं. लोक माना डोलावत होते. उठताना एक म्हातारे बाबा म्हणाले, "साहेब, चांगलं सांगितलंत. आता एवढं सांगा, माझं सोयाबीन गेलं तर पैसे मिळतात का नाही?"

चाळीस मिनिटांत मी तेवढंच सांगायचं राहिलो होतो.

पीक विम्याबद्दल गावात चिडून विचारला जाणारा प्रश्न बहुतेक एकच असतो: माझं पीक गेलं, मी हप्ता भरला, मग पैसे का नाहीत? याचं उत्तर एका वाक्याचं आहे. उत्पादनावर आधारित विमा तुमच्या शेताकडे बघत नाही, तुमच्या महसूल मंडळाकडे बघतो. भाषण बारा मिनिटांचं असेल, तर बाराही मिनिटं या एका वाक्याला द्यावीत. अर्ज कुठे भरायचा, कागद कोणते, हे हातात द्यायच्या चिठ्ठीवर मावतं. हे वाक्य मात्र चिठ्ठीवर वाचून कुणाला पटत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं.

त्यासाठी मी आता विटा वापरतो. गावात कुणाचं ना कुणाचं घरकुल चालूच असतं, तिथून 28 विटा आणि दोन-चार तुटके अर्धे उसने घ्यायचे. एक वीट म्हणजे एकरी एक क्विंटल सोयाबीन. एकरीच. सरकारी तक्त्यात आकडे हेक्टरी किलोत असतात, आणि पारावर बसलेला माणूस "एकरी उतारा किती पडला?" असं विचारतो. तक्त्यातल्या आकड्याला 0.4 ने गुणलं की एकरी किलो निघतात, पण हा गुणाकार आपण घरी करून जायचा. लोकांसमोर करायला गेलो तर पहिली दोन मिनिटं त्यातच जातात.

सुरुवात बाबांच्या प्रश्नानेच करायची. नमस्कार झाला की थेट विचारायचं, "गेल्या वेळी हप्ता भरून पैसे न मिळालेले किती जण आहेत?" हात वर होतात, थोडी कुरबूर होते, ती होऊ द्यायची. मग म्हणायचं, "मिळाले का नाहीत ते आज विटांनी बघू," आणि गावातल्याच एखाद्या पोराला उभं करून सात वर्षांचे सात ढीग रचायला लावायचे. कोणत्या वर्षी किती, हे शक्यतो लोकांनाच विचारायचं. पाऊस चांगला झाला ते वर्ष 6 विटा, नंतर 5, मग पावसाने ओढ दिली ते वर्ष 2, पुढे 5, 4, काढणीला पाऊस लागला ते वर्ष 1, शेवटी 5. वर्षांची ओळख पटली की ढीग त्यांचे होतात, माझे राहत नाहीत. पण हे आकडे समजण्यापुरते आहेत आणि मंडळाचे खरे आकडे वेगळे असतील, हे इथेच बजावून सांगायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी कृषी कार्यालयात कुणीतरी "आमचे 6 विटांचे पैसे द्या" म्हणून उभं राहतं.

आता सातांपैकी सगळ्यात खुजे दोन ढीग, 2 चा आणि 1 चा, बाजूला सरकवायचे. योजनेत गेल्या सात वर्षांतली चांगली पाच धरतात. उरले 6, 5, 5, 4, 5. सरासरी काढायची म्हणजे बेरीज-भागाकार आला आणि निम्मे लोक हरवले. विटांना तो लागत नाही. उंच ढिगावरची एक वीट काढून बुटक्यावर ठेवली की पाचही ढीग 5 विटांचे सारखे होतात. ते होताना बघून मागे बसलेल्या बायकांतूनही "हां, आलं ध्यानात" असं ऐकू येतं.

या पाच विटांची पूर्ण हमी विमा देत नाही. राज्यात जोखीमस्तर 70 टक्के ठेवलेला आहे. हे म्हणताना मी टक्का हा शब्द टाळतो. एका ढिगातल्या 5 विटा म्हणजे 10 अर्धे, त्यातले 3 अर्धे काढले की उरले 7, म्हणजे साडेतीन विटा. तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारायची. कागदावर याला उंबरठा उत्पादन म्हणतात. गावात मी त्याला रेघच म्हणतो, आणि सभा संपेपर्यंत तोच शब्द ठेवतो. एका गोष्टीला दोन नावं दिली की ऐकणाऱ्याला त्या दोन गोष्टी वाटतात.

मग यंदाचा ढीग रेघेशेजारी ठेवायचा. मंडळात सरासरी उतारा अडीच क्विंटल आला असं धरू, म्हणजे 5 अर्धे. रेघ 7 अर्ध्यांवर, दोन अर्धे कमी. भरपाई त्याच प्रमाणात, सातातले दोन हिस्से. सोयाबीनचा विमा हेक्टरी 58,000 रुपयांचा धरला तर एकराला 23,200 होतात. त्याचे सात हिस्से करून दोन घेतले की साधारण 6,600 रुपये. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाच्या अशा पिकाला विमा रकमेच्या 2 टक्के, म्हणजे एकरी 464. आकडे एवढे चारच, आणि तेही जाड पेनाने एका पुठ्ठ्यावर. पाचवा आकडा आला की पहिला विसरला जातो.

यानंतर कळीचा भाग. दोन माणसं उभी करायची. एकाला ओढ्याकाठचा शेतकरी करायचं, ज्याचं सगळं वाहून गेलं, शून्य वीट. दुसरा विहीर-बागायतवाला, पाच विटा पिकवलेला. मग विचारायचं, "मंडळाचा ढीग अडीच विटांचा आहे. दोघांनी विमा काढलाय. कुणाला किती?" सगळे सांगतात, ओढ्यावाल्याला जास्त. उत्तर असं की दोघांनाही एकरी तेवढेच, 6,600. आता मंडळाचा ढीग चार विटांचा करायचा, रेघेच्या वर. ओढ्यावाल्याला किती? काहीच नाही. इथे शांतता पसरते आणि मग गलका होतो. "हा अन्याय आहे" असं कुणीतरी म्हणतंच. त्यावर योजनेची वकिली करू नये. रचना अशी आहे, एवढं सरळ सांगावं: प्रत्येक शेत मोजायचं नाही म्हणून मंडळ मोजतात, आणि त्याची किंमत ओढ्याकाठचा माणूस भरतो. हे आधी कळलेला शेतकरी निदान विमा काढताना डोळे उघडे ठेवून काढतो. 2020 च्या खरिपापासून तो कर्जदारालाही ऐच्छिक आहे. त्याला नको असेल तर बँकेला मुदतीआधी तसं लेखी द्यावं लागतं.

इथेच जुनी माहिती घात करते. 2023 च्या खरिपात राज्यात एक रुपयात विमा होता. तेव्हा गारपीट, पूर अशा स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर 72 तासांत कळवायचं असायचं, आणि मग पंचनामा तुमच्याच शेताचा व्हायचा. 2025 च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची सवलत बंद केली, असे जादा लाभही काढले, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पादनावर आणून ठेवली. जुनं भाषण तसंच म्हणून दाखवणारा माणूस गावाला 72 तास धावायला लावतो आणि पुढच्या वर्षी त्या गावात त्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून त्या-त्या हंगामाचा शासन निर्णय आणि आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पादन तालुका कृषी कार्यालयातून घेतल्याशिवाय पारावर चढू नये. नियम हंगामागणिक बदलतात.

ढीग अडीचचा का चारचा, हे ठरवतं कोण? त्यासाठी दुसरं चित्र, आणि तेही जमिनीवरचं: सुतळी. चार खुंट्या ठोकून 10 मीटर बाय 5 मीटरचा चौकोन देवळापुढे आखायचा. सोयाबीनच्या कापणी प्रयोगाचा प्लॉट एवढाच असतो, अर्ध्या गुंठ्याच्या आसपास. शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली जातात आणि चौकोनातलं पीक कापून, मळून, तोलतात. एका एकरात असे सुमारे 81 चौकोन बसतात. चौकोनात 3 किलो 100 ग्रॅम निघाले तर एकराचा उतारा अडीच क्विंटल. लोक त्या सुतळीच्या आत जाऊन उभे राहतात. एवढ्याशा तुकड्यावर मंडळाचे पैसे ठरतात हे त्यांना पायाखाली कळतं. तोलताना अर्धा किलो इकडेतिकडे झाला की एकराला 40 किलो फरक पडतो. मग आपल्या गावात प्रयोग कधी, कुणाच्या शेतात, हे कृषी सहायकांना विचारून त्या दिवशी हजर राहायला कुणी आग्रह करावा लागत नाही. काही पिकांना उपग्रहाच्या अंदाजाचाही वाटा असतो. हे मी एका वाक्यात सांगतो, त्याचं चित्र काढत बसत नाही.

चिठ्ठी शेवटी वाटायची. आधी वाटली की लोक ती वाचत बसतात आणि ढिगांकडे बघत नाहीत. तिच्यावर शेतकरी ओळख क्रमांक, आधार, बँक पासबुक, सातबारा, ई-पीक पाहणी आणि शेवटची तारीख. बटईवाल्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, हे मात्र तोंडी सांगायचं. तो माणूस सहसा मागे बसतो आणि स्वतःहून विचारत नाही.

"समजलं का?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याला गाव नेहमी "हो" म्हणतं. परवा एका वस्तीवर बारा मिनिटं संपवून मी पाणी प्यायला बाजूला झालो. तेवढ्यात रानातून उशिरा आलेला एक जण विचारत होता, "काय सांगितलं रे सायबानं?" ढीग रचलेल्या पोराने त्याला हाताला धरून भिंतीशी नेलं, मंडळाच्या ढिगावरची एक वीट उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, तुमच्या रानात काय बी होऊ द्या. हा ढीग रेघेखाली गेला तरच." काकांनी वीट परत ढिगावर ठेवून पाहिली आणि विचारलं, "आणि कापायला कधी येणार हाएत?"