स्वकीय कुशल लिहीत जाणे

हार्डीच्या टेसचे पत्र गालिच्याखाली सोडून आपण मागच्या आठवड्यात थांबलो. आज 'अटोन्मेंट'मधल्या रॉबीच्या टाइपरायटरपाशी जायचे असे मी कबूल केले होते, पण आज ते होणार नाही. विट्याच्या एका वाचकांनी मला मध्येच धरले आहे. ते लिहितात, "न पाठवलेल्या माफीपत्राबद्दल लिहितो म्हणालात आणि उदाहरण दिलेत पाठवलेल्या पत्राचे. टेसने पत्र दाराखालून सरकवले म्हणजे पाठवलेच की! ते गालिच्याखाली गेले हा अपघात. अपघातावर कादंबरीचे वळण घेणे म्हणजे पत्त्यांच्या डावात हुकूम चोरून ठेवण्यासारखे नाही का?"

निम्मे बरोबर आहे. चूक माझीच, मी घाईत गालिच्यावरच थांबलो. 1891 सालच्या त्या कादंबरीत हार्डीने पत्राला दोन प्रसंग दिले आहेत, आणि आपल्या कामाचा आहे तो दुसरा. पहिल्यात टेस आपल्या पूर्वायुष्याची हकीकत चार पानांवर लिहून होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या खोलीच्या दाराखालून आत सारते. सकाळी तो नेहमीसारखाच प्रेमाने वागतो. त्याने वाचून क्षमा केली की त्याला पत्र मिळालेच नाही, हे तिला कळत नाही, आणि विचारायचे धैर्य होत नाही. पुढे लग्नाच्या दिवशी सकाळी ती त्या दाराशी वाकून बघते, तेव्हा गालिच्याच्या कडेखालून पाकीट डोकावत असते. बंदच्या बंद. आता पत्र तिच्या हातात आहे, एंजल घरातच आहे, लग्नाला अजून अवकाश आहे. ती ते आपल्या खोलीत नेऊन नष्ट करते. त्यानंतर तोंडाने सांगायचा एक प्रयत्न होतो, पण तो "नंतर बोलू" म्हणून टाळतो.

पत्र गालिच्याखाली गेले हा अपघात, कबूल. पण पुन्हा हाती आलेले पत्र तिने दिले नाही हा अपघात नव्हे. कादंबरी वळते ती इथे. लेखकाने अडवलेले पत्र आणि पात्राने अडवलेले पत्र यांतला हा फरक आहे. पोस्टमन आजारी पडला, नदीला पूर आला, पत्र चुकीच्या घरी गेले, अशी कारणे एखाद्या वेळी चालतात. पण वाट मोकळी असताना माणूस पत्र का टाकत नाही, याचे उत्तर मात्र त्या माणसाच्या आतूनच यावे लागते.

विट्याच्या वाचकांना एवढ्यावर सोडता आले असते. पण त्यांच्या पत्त्यातल्या खानापूर तालुक्याने माझ्या कपाटातला एक जुना गठ्ठा हलवला. तेव्हा आजचा हप्ता त्या गठ्ठ्याचा.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी एक ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली होती. ती पुरी झाली नाही आणि होणारही नाही, म्हणून तिच्यावर निवांत बोलता येते. जागा होती त्याच तालुक्यातला भूपाळगड, म्हणजे आजचा बाणूरगड, बहिर्जी नाइकांची समाधी आहे तो. डिसेंबर 1678 मध्ये युवराज संभाजीराजे आमच्या साताऱ्याकडून, सज्जनगडाहून निघून दिलेरखानाकडे गेले, आणि एप्रिल 1679 मध्ये दिलेरखानाच्या फौजेने भूपाळगड घेतला. आजूबाजूची रयत सुरक्षित जागा म्हणून चीजवस्तू घेऊन गडावर आसऱ्याला आली होती. गड पडल्यावर जिवंत राहिलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडून त्यांना सोडले, असे इतिहासकार सांगतात. राजकारणाचा भाग 'छावा'पासून पुष्कळांनी लिहिला आहे, त्यात मला शिरायचे नव्हते. मला ते सातशे हात सोडत नव्हते.

माझा नायक होता गडाचा सबनीस. तो माझ्या मनातला, बखरीतला नव्हे. मराठ्यांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी असत. त्यांतला सबनीस म्हणजे हजेरीपट आणि कागदपत्र सांभाळणारा माणूस. आयुष्यभर पत्रेच लिहिणाऱ्या माणसाला एक पत्र लिहिता येऊ नये, अशी माझी कल्पना होती.

त्याचा अपराध मी असा रचला. गडाखालच्या एका गावचा कुलकर्णी त्याचा लहानपणचा सोबती. मोगलांची फौज येते अशी आवई उठल्यावर सबनिसाने त्याला चार ओळींची चिठ्ठी धाडली, की गड बळकट आहे, मुलामाणसांसह वर या. त्या चिठ्ठीला त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. कुलकर्णी वर आला. आणि दोन दिवसांनी सबनीस गडाच्या कामासाठी पन्हाळ्याला गेला. परत येईपर्यंत गड गेलेला. सबनिसाचे दोन्ही हात शाबूत, आणि कुलकर्ण्याचा उजवा गेलेला. कुलकर्णी म्हणजे लिहिणारा माणूस, त्याचे वतनच लेखणीचे. आता पन्हाळ्यावर बसून सबनिसाला त्याला पत्र लिहायचे आहे. वाटा चालू आहेत, जासूद रोज सुटतात. पत्र न जाण्याला बाहेरचे एकही कारण मी ठेवले नव्हते.

पहिल्या खर्ड्यात मी पत्र पुरे लिहून काढले. तीन पाने! त्यात अपराधाची कबुली होती, रडणे होते, बालपणीची विहीर होती. शेवटी सबनीस ते दिव्यावर धरून जाळतो. मी स्वतःवर भलताच खूश होतो. सांगलीच्या माझ्या एका स्नेह्यांना, जे मोडी शिकवत, प्रकरण वाचायला दिले. त्यांनी वाचून कागद खाली ठेवले आणि म्हणाले, "हे पत्र पोहोचलं की हो."

मला कळेना. ते म्हणाले, "कुलकर्ण्याला नाही, मला पोहोचलं. मी वाचलं आणि तुमच्या सबनिसाला माफ करून टाकलं. आता पुढची दोनशे पानं मी कशाला वाचू?"

न पाठवलेल्या पत्राच्या बाबतीत हा घोटाळा हटकून होतो. पत्र पात्राला मिळत नाही पण वाचकाला पूर्ण मिळते, आणि सगळा ताण तिथेच उतरतो. हार्डीनेही टेसचे पत्र आपल्याला वाचून दाखवलेले नाही. त्यात काय आहे ते आपण जाणतो, पण तिची वाक्ये आपल्याला दिसत नाहीत.

मग सांगलीकरांनी मला विचारले, "तुमचा सबनीस मायना काय लिहील?" मी पत्राची सुरुवातच 'मित्रा' अशी केली होती, चक्क आजच्यासारखी. त्यांनी कागद ओढला आणि दाखवले. आधी 'श्री'. मग ज्याला लिहायचे त्याच्या मानाप्रमाणे बिरुदे, बरोबरीच्या माणसाला साष्टांग नमस्कार, आणि लगेच 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे'. म्हणजे आमचे ठीक आहे, तुमचे कळवत चला. त्या काळच्या पत्रांत हे वाक्य इतके येते की आपण ते वाचतही नाही, डोळा त्याच्यावरून घसरतो. लिहिणाऱ्याचा हातही तसाच घसरत असणार.

"आता हे ज्याचा उजवा हात गेलाय त्याला लिहा," सांगलीकर म्हणाले.

मी गप्प बसलो. तीन पानांत मला जे जमले नव्हते ते त्या ठरीव वाक्यात आयते पडले होते. येथील कुशल, म्हणजे माझे हात जागेवर आहेत. तुझे लिहीत जा. कशाने लिही? वाक्य गाळले तर पत्र उद्धट दिसते, कारण कुशल न विचारता मजकुरावर येणे म्हणजे हुकूम सोडणे. ठेवले तर ते कापते. सबनिसाकडे तिसरा मार्ग नाही, कारण त्याला दुसऱ्या तऱ्हेने पत्र लिहिताच येत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. देवनागरीत आपण शब्द लिहून मग डोक्यावर रेघ देतो, त्याच्या नेमके उलटे. म्हणजे मोडी लिहिणारा माणूस मध्येच थांबला तर त्याने जे लिहिले नाही त्याची रेघ कागदावर तशीच राहते.

दुसऱ्या खर्ड्यात पत्र एवढेच उरले. 'श्री', बिरुदे, नमस्कार, 'येथील कुशल जाणून स्वकीय', आणि पुढे कडेपर्यंत नुसती रेघ. सबनीस सवयीने ओल्या शाईवर वाळू टाकतो, कागदाची घडी करतो आणि दप्तराच्या रुमालात बांधतो. तो जाळत नाही. जाळणे हा निर्णय झाला, आणि निर्णय घेता येत नाही हीच तर त्याची अडचण आहे. शिवाय जळलेले पत्र पुढच्या प्रकरणात कामाला येत नाही.

कामाला ते असे आले. गड कसा गेला याची हकीकत लिहून द्या, असे वरून फर्मावतात. लिहिणार अर्थात सबनीस. तो सराईतपणे लिहितो, की रयत आसऱ्यास गडावर आली होती. मग जुना हजेरीपट काढायला रुमाल सोडतो, तर ती घडी उलगडते आणि सुकलेली वाळू ताज्या मजकुरावर सांडते. तो वाळू झटकतो. 'आली होती' हे शब्द खोडतो आणि वर लिहितो, 'आपण चिठ्ठी लिहून आणविली होती'. कुलकर्ण्याला जे लिहिता आले नाही ते सरकारी कागदात उतरते, तेही माफी म्हणून नव्हे, दुरुस्ती म्हणून. त्या पाच शब्दांनी त्याची सबनिशी जाते. तिथून कादंबरी पन्हाळ्यावरून खाली गावात उतरते.

मी पत्र तपासायची एक रीत तेव्हापासून धरली आहे. हे पत्र याच पानावर रवाना केले तर पुढच्या प्रकरणात काय बदलेल, असे विचारून बघायचे. पहिल्या खर्ड्यात काहीच बदलत नव्हते. कुलकर्णी रडला असता आणि आम्ही पुढे गेलो असतो. दुसऱ्यात ते पत्र गेले असते तर सबनिसाचा जीव हलका झाला असता आणि त्याने 'आली होती' हे तसेच ठेवले असते. म्हणजे पत्र न गेल्यामुळे खरी हकीकत लिहिली गेली.

कादंबरी मात्र तरीही बुडाली, आणि कुठे बुडाली तेही सांगून टाकतो. सबनीस गावात जातो आणि कुलकर्ण्याचा गुमास्ता होतो, म्हणजे कुलकर्णी सांगेल ते त्याच्या वतीने लिहिणारा माणूस. इथवर ठीक होते. पण मला राहवले नाही. शेवटच्या प्रकरणात मी कुलकर्ण्याच्या हाती ती अर्धी घडी पाडली, त्याला समजू दिले आणि दोघांना गळ्यात गळा घालायला लावले. सांगलीकरांनी ती सात पाने परत दिली तेव्हा त्यांच्यावर एकही खूण नव्हती. एवढेच म्हणाले, "गुमास्ता झाला ना? मग कुलकर्णी त्याला पत्र सांगेलच की एक दिवस."

ते मी लिहायला हवे होते. पावसाळ्याआधीची संध्याकाळ, कुलकर्णी ओसरीवर बसून कुणा सोयऱ्याला पत्र सांगतो आहे. सबनीस ओळभर रेघ ओढतो. कुलकर्णी सवयीने म्हणतो, "येथील कुशल जाणून..." आणि सबनीस लिहितो.

विट्याच्या वाचकांना आणखी एक. बाणूरगडावर जाणार असाल तर ऊन उतरल्यावर जा, वर सावली कमी आहे. रॉबी पुढच्या आठवड्यात, नक्की. त्याचे उलटे आहे. त्याने माफीपत्राचे खर्डे केले, आणि पाठवायचा तो टेबलावर राहिला.