दादूचं जेवण आणि साडेपाचचा क्लास

मंगळवार. शाळेतून आले की आधी दादूचं जेवण. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, गिळायला जड जातं. त्याला ताठ बसवून, मान किंचित पुढे ठेवून मऊ खिचडी छोट्या चमच्याने भरवते. एक घास गिळला की मगच दुसरा. पातळ पदार्थ श्वासनलिकेत पटकन जातात, म्हणून वरण घट्टच. खोकला आला किंवा आवाज घरघरला की लगेच थांबायचं.

जेवल्यावर अर्धा तास त्याला आडवं करायचं नाही. क्लास साडेपाचला, आई येते सहाला. त्याच्याशेजारी बसून त्रिकोणमितीची गणितं सोडवते खरी, पण क्लासमध्ये नवा धडा निघून जातो. आज सरांना सगळं सांगितलं. उद्यापासून साडेसहाची बॅच.