कोपऱ्यातल्या आकड्यांची किंमत

डिसेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या नव्या ॲपबद्दल एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. ॲप टाकल्यावर काही गेम्सचा फ्रेम रेट घसरत होता, काही चाचण्यांत तर १५ टक्क्यांपर्यंत. गंमत म्हणजे खेळणाऱ्याने ॲपमधली कुठलीही सोय वापरलेली नसायची. त्याच्या ओव्हरलेमधलं गेम फिल्टर आणि फोटो मोड हे वैशिष्ट्य नुसतं चालू असलं तरी पुरे होतं. ते बंद करा, असा सल्ला शेवटी कंपनीनेच दिला.

ओव्हरले म्हणजे चालू गेमच्या चित्रावर वरून उमटवलेला थर. बहुतेक जण तो आकडे बघण्यासाठी लावतात: फ्रेम रेट किती, ग्राफिक्स कार्ड किती तापलंय, प्रोसेसरवर किती ताण आहे. विंडोजवर यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या जोडीचा रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर ही जोडगोळी सर्वाधिक परिचयाची; लिनक्सवर मँगोहड. गेम का अडखळतो हे शोधायला हे आकडे लावले जातात आणि कधीकधी अडखळण्याचं कारण तेच असतात.

ओव्हरलेला दोन कामं असतात. एक, आकडे पडद्यावर रेखाटणं. दोन, ते आकडे यंत्राकडून मागून आणणं. पहिलं काम दिसतं, म्हणून संशय त्याच्यावर जातो. पण खेळाला झटके बसतात ते बहुधा दुसऱ्यामुळे.

रेखाटण्याचा खर्च आधी पाहू. गेमची फ्रेम तयार होऊन पडद्याकडे निघते, त्या क्षणी रिवाट्यूनर मध्ये शिरतो आणि आपली अक्षरं तिच्यावर उमटवतो. यात फ्रेममागे ०.१ मिलिसेकंद गेला असं धरू. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यांचे १६.७७ झाले तर वेग ५९.६ वर येईल, कोणाला कळणारही नाही. मात्र ३०० फ्रेम्सना चालणाऱ्या गेममध्ये फ्रेमचा वाटा जेमतेम ३.३३ मिलिसेकंदांचा असतो. तिथे तोच ०.१ वेगाला २९१ पर्यंत खाली खेचतो. हा खर्च प्रत्येक फ्रेमला सारखाच पडतो, म्हणून हालचाल सलग राहते आणि आकडा तेवढा थोडा कमी दिसतो.

सेन्सरचं तसं नाही. तापमान किंवा वीज किती खर्च होतेय हे विचारलं की उत्तर देणाऱ्याला हातातलं काम थांबवावं लागतं. ऐन गर्दीच्या वेळी मालकाने दर दोन मिनिटांनी गल्ल्याचा हिशेब मागितला, तर रांग जशी खोळंबते तसंच हे. ग्राफिक्स कार्डाच्या विजेचा आकडा ड्रायव्हरमार्फत येतो आणि तो वाचताना काही कार्डांवर गेमची पुढची फ्रेम ताटकळते. आफ्टरबर्नरमध्ये Power ची नोंद बंद करताच झटके गेल्याचा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. लॅपटॉपमध्ये त्याहून मंद गडी असतो एम्बेडेड कंट्रोलर. पंखे, बॅटरी, कीबोर्ड सांभाळणारी ही छोटी चिप एकेक बाइट करून माहिती देते. तिला सतत प्रश्न विचारले तर काही लॅपटॉपांत गेमच काय, माउसही क्षणभर थबकतो.

एक उदाहरण मांडून पाहू. लॅपटॉपचा पडदा १४४ हर्ट्झचा आहे, गेमही १४४ फ्रेम्सना चालतो, म्हणजे फ्रेममागे सुमारे ६.९ मिलिसेकंद. पाठीमागे एचडब्ल्यूइन्फो सगळे सेन्सर दर दोन सेकंदांनी वाचतोय आणि प्रत्येक वाचनाला एक फ्रेम ३० मिलिसेकंद अडकते. दोन सेकंदांत २८८ ऐवजी साधारण २८५ फ्रेम निघतील आणि कोपऱ्यातला सरासरी आकडा १४२ दाखवेल. इतकंच नव्हे, पर्सेंटाइल पद्धतीने काढलेला ‘१% लो’ हा आकडाही स्वच्छ येईल, कारण २८५ मधली एक फ्रेम म्हणजे ०.३५ टक्केच. डोळ्यांना मात्र दर दोन सेकंदांनी ठेच लागते.

ही ठेच दिसते ती फ्रेमटाइमच्या आलेखात. एरवी सपाट असलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने एकच सुळका उठतो. तो सेन्सरमुळेच आहे का, हे तपासायची युक्ती सोपी आहे: वाचनाचा कालावधी दोन सेकंदांवरून पाच करायचा. सुळकेही पाच सेकंदांवर गेले, तर चोर सापडला. अंतर तेवढंच राहिलं तर दोष गेमचा, ड्रायव्हरचा किंवा मागे चालणाऱ्या दुसऱ्या कशाचा तरी. आफ्टरबर्नरमध्ये ही सोय Hardware polling period या नावाने आहे, मूळ मूल्य १००० मिलिसेकंद.

मग एकेक सेन्सर बंद करत जायचं. इथे पुष्कळ जण फसतात. आफ्टरबर्नरमध्ये Show in On-Screen Display ची खूण काढली की आकडा पडद्यावरून जातो, पण त्याचं वाचन मागे चालूच राहतं. यादीतली सेन्सरच्या नावाशेजारची खूण काढावी लागते. एचडब्ल्यूइन्फोतही ओळ लपवणं वेगळं आणि Disable Monitoring वेगळं.

आता ठेवायचं काय? फ्रेम उशिरा का आली, याचं उत्तर देणारे आकडे तेवढेच. फ्रेमटाइमचा आलेख हवाच. ग्राफिक्स कार्डाचा वापर हवा: तो ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, वेग वाढवायचा तर चित्राचा दर्जा कमी करावा लागेल. कार्डाचं तापमान आणि क्लॉक शेजारी असावं, म्हणजे तापल्यामुळे कार्ड मंदावलं तर तिथेच कळेल. प्रोसेसरचा एकूण वापर मात्र दिशाभूल करतो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात ६.२५ टक्केच दिसतात, आणि गेम नेमका त्याच एका थ्रेडपाशी अडलेला असू शकतो. म्हणून सर्वाधिक भरलेल्या थ्रेडचा आकडा लावणं शहाणपणाचं. मदरबोर्डचे व्होल्टेज, डिस्कचं तापमान, पंख्यांचे फेरे यांचा खेळताना काही उपयोग नाही.

मँगोहडसाठी एवढी मांडणी पुरते:

```
fps
frame_timing
gpu_stats
gpu_temp
gpu_core_clock
cpu_stats
core_load
fps_sampling_period=1000
```

यातल्या core_load मुळे प्रत्येक थ्रेडची ओळ येते आणि कोपरा लांबतो. कारण सापडलं की ती काढून टाकलेली बरी.

मांडणीतही एक भेद लक्षात ठेवावा. मजकूर बदलतो तो सेन्सर वाचला गेला की. आलेख मात्र दर फ्रेमला नव्याने काढावा लागतो. म्हणून आलेख एकच, तोही फ्रेमटाइमचा. तापमानाचा आलेख काढून हाती काही लागत नाही, ते सावकाश चढतं. जागा अशा कोपऱ्यात द्यावी जिथे गेमचा नकाशा किंवा गोळ्यांची मोजणी झाकली जाणार नाही. ओलेड पडद्यावर चमकदार अक्षरं तासन्‌तास एकाच जागी ठेवली तर डाग उरण्याची भीती असते, तेव्हा रंग करडा ठेवून आलेख कळीवर चालू-बंद करता येईल असं करावं.

ओव्हरलेचा खर्च मोजायचा तर त्याच ओव्हरलेचा आकडा कामाचा नाही. इंटेलचं प्रेझेंटमॉन पडद्यावर काही न काढता विंडोजच्या नोंदींवरून प्रत्येक फ्रेमची वेळ लिहून ठेवतं. गेममधला तोच प्रसंग आधी काहीही न लावता, मग ओव्हरले लावून पण सेन्सर बंद ठेवून, आणि शेवटी सगळं चालू करून नोंदवावा. पहिल्या दोन नोंदींतला फरक रेखाटण्याचा, पुढच्या दोनांतला विचारण्याचा. स्टीम, डिस्कॉर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या ॲपचे ओव्हरले त्याआधी बंद करायला हवेत. नाहीतर त्याच फ्रेमवर तेही आपला थर चढवत असतात आणि पहिली नोंदच खोटी ठरते.