बारशाला वाळे द्यावेत की लंगोट? आधी महिना बघा

नेरळ : बारसं म्हटलं की नातेवाइकांकडून चांदीचे वाळे ठरलेलेच. चौघांनी चार जोड आणले, तर बाळ वापरतं एकच. त्यात माथेरानच्या पायथ्याच्या आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात कपडे वाळता वाळत नाहीत. तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा लंगोट ओले करतं. सुकायला दोन दिवस लागले, तर वीस लंगोट लागतातच. ओलसर लंगोटाने बाळाला पुरळ येतं. म्हणून पावसाळी बारशाला दोन डझन सुती लंगोट आणि छोटी मच्छरदाणी जास्त कामाची.

चांदी द्यायचीच, तर चौघांत मिळून एक जोड घ्या. वाळे उघड्या तोंडाचे असावेत, म्हणजे मनगट भरलं की सैल करता येतात. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, तो मागूनच घ्यावा लागतो. ९२५ चा शिक्का असेल, तर २० ग्रॅमच्या वाळ्यांत १८.५ ग्रॅम चांदी असते. बिनशिक्क्याचे वाळे ७० टक्क्यांचे निघाले, तर १४ ग्रॅमच. मोडताना घडणावळ परत मिळत नाही. घुंगरू मात्र नकोच; सुटलेलं घुंगरू बाळाच्या घशात अडकू शकतं.