‘नेट बंद आहे, अर्जंट’ : हेल्पडेस्कवरचे एक तिकीट

वरणगाव, भुसावळ, मुक्ताईनगर पट्ट्यातली आपली बरीच मुले-मुली सध्या कुठे ना कुठे इंटर्न म्हणून रुजू आहेत. कुणी पुण्या-नाशिकच्या कंपनीत, तर कुणी 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एखाद्या कार्यालयात. त्या योजनेत बारावी पासला महिना 6000, आयटीआय-पदविकेला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये विद्यावेतन ठरले होते. संगणकाची थोडीफार माहिती असलेल्याला बहुधा हेल्पडेस्कवर बसवतात. आलेल्या तक्रारीला तिथे ‘तिकीट’ म्हणतात. या मुलांशी बोलताना आम्हाला जाणवते ते असे, की त्यांना तांत्रिक ज्ञानापेक्षा भीती वाटते ती उत्तर लिहिण्याची. म्हणून एकच तिकीट घेऊन ते शेवटपर्यंत उलगडून पाहू.

समजा, एका कॉलेजच्या कार्यालयातून सकाळी 11 वाजून 10 मिनिटांनी तिकीट येते : ‘नेट बंद आहे, अर्जंट.’ बस, एवढेच. पाठवणाऱ्या मॅडम शिष्यवृत्तीचे काम पाहतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर भरतो, पण कॉलेजच्या लिपिकाने तो तपासून पुढे पाठवल्याशिवाय हलत नाही. मुदत आज संपत असेल, तर या चार शब्दांमागे किती घरांची फी अडकली आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी बरेच जण लिहितात, ‘कृपया नेटवर्क सेटिंग्ज तपासून कळवावे.’ मॅडमना तपासता आले असते तर त्यांनी तिकीट कशाला टाकले असते? पहिले उत्तर असे हवे :

‘नमस्कार मॅडम. तुमच्या संगणकावर नेट येत नाही, असे मला समजले. दोन गोष्टी सांगाल का? शेजारच्या संगणकावर नेट सुरू आहे का? आणि आज एखाद्या कामाची मुदत संपते आहे का? तुमचे उत्तर आले की लगेच पुढची पायरी कळवतो.’

पहिल्या प्रश्नाने बिघाड एका टेबलापुरता आहे की साऱ्या कार्यालयाचा, ते कळते. दुसऱ्याने घाई किती खरी आहे, ते कळते. मॅडम सांगतात, बाकी सगळ्यांचे सुरू आहे आणि मुदत आजचीच आहे. मग दुरुस्तीच्या आधी काम चालू करून द्यायचे. शेजारच्या संगणकावर स्वतःच्या लॉगिनने अर्ज पुढे पाठवा आणि काम झाल्यावर लॉगआऊट करा, असे सुचवायचे. त्यांचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कधीही, कितीही घाई असली तरी, मागायचा नाही.

आता बिघाडाकडे वळू. दुसऱ्या उत्तरात एकच पायरी द्यावी : ‘स्टार्टवर क्लिक करून `cmd` टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात `ipconfig` लिहून एंटर दाबा आणि जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा. याने संगणकातले काहीही बदलत नाही, फक्त माहिती दिसते.’ शेवटचे वाक्य गाळू नका. काळी खिडकी पाहून माणूस घाबरतो आणि ‘मी काही बिघडवले तर?’ या धास्तीने हात मागे घेतो.

फोटोत हे दिसते :

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.37.112
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

169.254 ने सुरू होणारा आकडा बरेच काही सांगून जातो. संगणक सुरू झाला की तो नेटवर्ककडे स्वतःसाठी पत्ता मागतो. पत्ते वाटणाऱ्या सेवेला डीएचसीपी म्हणतात आणि लहान कार्यालयात ती बहुधा राऊटरमध्येच असते. कुणीच पत्ता दिला नाही, तर विंडोज स्वतःच 169.254 चा तात्पुरता पत्ता लावून घेते. त्याने बाहेर जाता येत नाही, म्हणून गेटवेची जागा रिकामी. केबल निघालेली असती तर तिथे `Media disconnected` आले असते. म्हणजे वायर लागली आहे, पण पत्ता मिळालेला नाही.

का मिळाला नाही? इथे केबलींची अदलाबदल कामाला येते. मॅडमची केबल शेजारच्या संगणकाला लावली, तर नेट चालले. शेजारची चालू केबल मॅडमच्या संगणकाला लावली, तरी पुन्हा 169.254. म्हणजे केबल निर्दोष. मग कार्यालयाच्या वायफायला त्या दिवशी न जोडलेला एखादा मोबाईल जोडून पाहिला, तर तोही जोडला जाईना. आता मॅडमचा संगणकही सुटला. वाटायला पत्तेच उरलेले नाहीत, असा दाट संशय येतो.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे हे असते. राऊटरमध्ये 192.168.1.100 पासून 149 पर्यंत, म्हणजे 50 पत्ते वाटायला ठेवले आहेत आणि प्रत्येक पत्ता 24 तासांसाठी दिला जातो, असे धरू. कार्यालयात 22 संगणक आणि 3 प्रिंटर, म्हणजे उरले 25. मुदतीच्या दिवसांत वायफायचा पासवर्ड साऱ्या गर्दीला माहीत होतो. मुलगा दहा मिनिटांत निघून गेला, तरी त्याच्या मोबाईलचा रुमाल दुसऱ्या दिवसापर्यंत जागेवरच! जे लवकर आले त्यांना पत्ता मिळाला, मॅडमचा संगणक अकराला सुरू झाला आणि जागा भरलेली होती.

इथे दोन मोह होतात. एक म्हणजे राऊटर बंद करून सुरू करणे. बऱ्याच साध्या राऊटरमधली वाटपाची यादी त्याने पुसली जाते, नेट येते, तिकीट बंद होते आणि उद्या अकराला तेच तिकीट पुन्हा उघडते. दुसरा मोह हाताने पत्ता टाकण्याचा. 192.168.1.120 लिहिले तर आज चालेलही, पण तोच पत्ता राऊटरने दुसऱ्याला दिला की दोन्ही यंत्रे अडखळू लागतात आणि तो बिघाड शोधणे याहून अवघड.

राऊटरचे अधिकार इंटर्नकडे नसतात. तेव्हा तिकीट नेटवर्कच्या माणसाकडे पाठवायचे, पण ‘नेट बंद’ एवढेच लिहून नाही : ‘एका संगणकाला 169.254 चा पत्ता आला आहे. चालू केबल लावूनही तेच. नवा मोबाईलही वायफायला जोडला जात नाही. आधीपासून सुरू असलेले संगणक चालू आहेत. पत्त्यांचा साठा संपल्याचा संशय आहे. वाटपाची यादी पाहावी. फोटो जोडला आहे.’ यात ‘संशय’ हा शब्द मुद्दाम आहे. यादी पाहिल्याशिवाय खात्री नाही आणि खात्री असल्याचा आव आणू नये. वरिष्ठांना यात पुन्हा विचारण्यासारखे काही उरत नाही. असे टिपण इंग्रजीत मागितले, तरी हीच सहा-सात छोटी वाक्ये लिहायची आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी त्याचा धसका घेण्याचे कारण नाही.

मॅडमनाही त्याच वेळी कळवायचे : ‘बिघाड तुमच्या संगणकात नाही आणि तुमच्याकडून काही चुकलेले नाही. दुरुस्ती राऊटरमध्ये करावी लागेल, ती नेटवर्क विभागाकडे दिली आहे. दुपारी दोनला मी पुन्हा कळवतो.’ आणि दोनला काहीच झालेले नसले, तरी ‘अजून काम सुरू आहे’ एवढे लिहायचेच.

नेटवर्कच्या माणसाने यादी पाहिली. पन्नासच्या पन्नास पत्ते गेलेले होते. त्याने पाहुण्यांचे वायफाय वेगळे केले आणि तिथल्या पत्त्याची मुदत एका तासावर आणली. मॅडमच्या संगणकावर `ipconfig /renew` दिल्यावर 192.168.1.131 आला आणि गेटवेची जागाही भरली. तिकीट मात्र त्या दिवशी बंद केले नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला, गर्दी असताना, मॅडमना विचारून मगच केले.